गिऱ्हाईक ठरलेलं, तारीखही ठरलेली

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. बाजार बंद झाल्यावर एनएसई इंडायसेसचं पत्रक आलं. झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल सर्व्हिसेस निफ्टी ५० मध्ये येणार होत्या, बीपीसीएल आणि ब्रिटानिया बाहेर जाणार होत्या. बदल २८ मार्चपासून लागू होणार होता. म्हणजे निफ्टीचा आरसा धरून चालणाऱ्या सगळ्या फंडांना २७ मार्चला बाजार बंद होईपर्यंत झोमॅटोचे हजारो कोटींचे शेअर घेणं भाग होतं. भाव महाग वाटला म्हणून त्यांना थांबता येत नाही, निकाल वाईट आले म्हणून मन बदलता येत नाही.

एवढं पक्कं गिऱ्हाईक बाजारात सहसा मिळत नाही. तरीही त्या शुक्रवारी २३० च्या आसपास असलेला झोमॅटो २७ मार्चला २०५ च्या आसपास होता. बाजार पडत होता म्हणावं तर तसंही नाही. याच पाच आठवड्यांत निफ्टी २२,७९६ वरून २३,५९२ वर गेला. ‘निफ्टीत येणार, म्हणजे चढणार’ एवढ्यावर सोमवारी सकाळी खरेदी करणाऱ्याला, चढत्या बाजारात दहा टक्क्यांच्या आसपास तोटा झाला. हे असं का होतं, आणि या व्यवहारात कधी शिरायचं नि कधी बाहेर पडायचं, हे समजून घ्यायचं तर आधी त्या गिऱ्हाइकाची ओळख करून घ्यायला हवी.

निर्देशांक फंडाच्या व्यवस्थापकाचं काम एकच: निफ्टी जेवढा वाढला किंवा पडला तेवढाच आपला फंड वाढला-पडला पाहिजे. भारतात या फंडांच्या मागे सगळ्यात मोठा पैसा नोकरदारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा आहे. ईपीएफओ शेअर बाजारात थेट कंपन्या निवडत नाही, एसबीआय आणि यूटीआयसारख्या म्युच्युअल फंडांच्या ईटीएफमधून निफ्टी आणि सेन्सेक्समध्ये गुंतवते. तुमच्या-आमच्या पगारातून दर महिन्याला कापली जाणारी रक्कम फिरून तिथे पोहोचते.

हा व्यवस्थापक नव्या कंपनीचे शेअर आठवडाभर आधी स्वस्तात मिळाले तरी सहसा घेत नाही. त्याची पाठ थोपटली जाते ती निफ्टीशी काटेकोर जुळल्याबद्दल, स्वस्तात घेतल्याबद्दल नाही. नवी कंपनी निफ्टीत मोजली जायला लागते ती आदल्या दिवसाच्या बंद भावापासून, म्हणून त्यालाही नेमका तोच भाव हवा असतो. आपल्याकडे बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासातल्या सगळ्या सौद्यांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी म्हणजे बंद भाव. त्यामुळे फंडांची बरीचशी खरेदी त्या एका अर्ध्या तासात कोंबली जाते. गिऱ्हाईक कोण, ते कधी येणार आणि किती वाजता येणार, हे सगळं आधी कळतं ते यामुळे.

किती घेणार, हेही कागदावर काढता येतं. आकडे सोपे पडावेत म्हणून गोल घेऊ. समजा निफ्टी ५० च्या मागे सगळ्या फंडांचे मिळून ४ लाख कोटी रुपये आहेत आणि येणाऱ्या कंपनीचं निफ्टीतलं वजन १.५ टक्के असेल. म्हणजे फंडांना ६,००० कोटींचे शेअर लागतील. बातम्यांमध्ये झळकतो तो हाच आकडा, आणि बहुतेक वाचक इथेच थांबतात.

पण ही कंपनी कालपर्यंत कुठे होती? जवळजवळ प्रत्येक वेळी ती निफ्टी नेक्स्ट ५० मध्ये असते. निफ्टी ५० च्या दाराशी उभ्या असलेल्या पुढच्या पन्नास कंपन्यांचा हा निर्देशांक. त्याचेही फंड आहेत, आणि कंपनी वर सरकली की त्याच दिवशी, त्याच अर्ध्या तासात त्यांना तिचे सगळे शेअर विकावे लागतात. समजा नेक्स्ट ५० च्या मागे ३०,००० कोटी आहेत. रक्कम लहान आहे, पण या छोट्या तळ्यात ही कंपनी मोठा मासा असते, वजन सहज ५ टक्के. म्हणजे १,५०० कोटींची विक्री. निव्वळ खरेदी ६,००० वरून ४,५०० वर आली. झोमॅटो आणि जिओ फायनान्शियल दोन्ही नेक्स्ट ५० मधूनच आल्या होत्या. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या ट्रेंट आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सही तिथूनच.

आता हे ४,५०० कोटी मोठे की लहान, हे त्या शेअरच्या रोजच्या उलाढालीवर ठरतं. दिवसाला सरासरी १,२०० कोटींचे सौदे होत असतील तर ही जवळपास पावणेचार दिवसांची उलाढाल झाली. मात्र रोजच्या सौद्यांतले बरेचसे सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्यांचे असतात, त्यातून शेअर खरोखर हात बदलत नाहीत. फंडाला तर शेअर घरी न्यायचे असतात. म्हणून एनएसई रोज जाहीर करते तो डिलिव्हरीचा टक्का बघायला हवा. तो ५० असेल तर पावणेचार दिवसांचे साडेसात दिवस होतात. कामाचा आकडा हा.

यात एक गंमत आहे. निर्देशांकातलं वजन ठरतं ते प्रवर्तकांचे शेअर वगळून उरलेल्या, म्हणजे बाजारात फिरू शकणाऱ्या शेअरांच्या मूल्यावर. ट्रेंटमध्ये प्रवर्तकांचा सुमारे ३७ टक्के वाटा वजनात धरला जात नाही, भारत इलेक्ट्रॉनिक्समधला सरकारचा ५१ टक्केही नाही. त्यामुळे कुठलीही कंपनी आत आली तरी फंडांना तिच्या फिरत्या शेअरांचा साधारण सारखाच हिस्सा लागतो, आपल्या उदाहरणात चार टक्के. मोठ्या कंपनीत जास्त दबाव आणि छोटीत कमी, असं गणित इथे नाही. फरक पडतो तो तिचे शेअर किती चपळाईने फिरतात यामुळे. झोमॅटोसारख्या दिवसरात्र सौदे होणाऱ्या शेअरात ही खरेदी लवकर जिरते. ज्या शेअरला धरून बसलेले मालक जास्त आणि विकणारे कमी, तिथे तीच खरेदी भावाला ढकलते.

इथवरचं गणित वहीच्या एका पानावर मावतं, आणि अडचणही तीच आहे. ते सगळ्यांनाच करता येतं.

निफ्टीची निवड वर्षातून दोनदा होते. ३१ जानेवारी आणि ३१ जुलै या दिवशी संपणाऱ्या सहा महिन्यांची सरासरी धरली जाते, यादी बहुधा फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात जाहीर होते आणि मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस लागू होते. नियम लेखी आहेत. आत यायचं तर फिरत्या शेअरांचं मूल्य निफ्टीतल्या सगळ्यात छोट्या कंपनीच्या किमान दीडपट हवं. शेअरवर एफ अँड ओ, म्हणजे वायदे आणि ऑप्शनचे व्यवहार उपलब्ध हवेत. मोठी ऑर्डर टाकली तरी भाव फारसा हलू नये, अशीही एक कसोटी आहे. म्हणजे ३१ जानेवारीला बाजार बंद झाला की साधा एक्सेल जाणणारा माणूसही यादी काढू शकतो. दलाली कंपन्यांचे विश्लेषक तर ती त्याच्या महिनोन् महिने आधीपासून काढत असतात, आणि त्यांच्या अंदाजाच्या बातम्या होतात.

झोमॅटोची गोष्ट या नजरेने पुन्हा पाहू. २०२४ च्या शरद ऋतूत कंपनी आकाराने निफ्टीत बसण्याएवढी कधीच झाली होती. अडलं होतं एकाच गोष्टीवर, तिच्यावर एफ अँड ओचे व्यवहार नव्हते. १३ नोव्हेंबर २०२४ ला एनएसईने परिपत्रक काढलं. २९ नोव्हेंबरपासून ४५ नव्या शेअरांवर हे व्यवहार सुरू होणार होते, आणि त्यात झोमॅटो व जिओ फायनान्शियल दोघी होत्या. ज्यांना नियम पाठ होते त्यांच्यासाठी निफ्टीत प्रवेशाची घोषणा त्या दिवशीच झाली. फेब्रुवारीचं पत्रक म्हणजे त्यावरचा शिक्का. त्या सुमारास भाव २६० च्या आसपास होता. नऊ दिवसांनी, २२ नोव्हेंबरला, जेएसडब्ल्यू स्टीलच्या जागी झोमॅटो सेन्सेक्समध्ये येणार असल्याचंही जाहीर झालं. ५ डिसेंबरला शेअरने ३०४.७० चा तेव्हाचा उच्चांक गाठला. सेन्सेक्सच्या फंडांनी २० डिसेंबरला खरेदी केली, तेव्हा भाव २८० च्या आसपास उतरलेला होता. म्हणजे आधी घेतलेले लोक फंड येण्याच्या पंधरा दिवस अगोदरपासूनच विकत होते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस झोमॅटोने मोठ्या संस्थांना २५२.६२ रुपये भावाने नवे शेअर देऊन ८,५०० कोटी उभे केले. कंपनीच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपणाचंच होतं, मागणी येणार हे तिलाही दिसत होतं. पण फंडांच्या ठरलेल्या मागणीचं गणित मांडताना पुरवठा तेवढाच राहील हे आपण गृहीत धरतो, आणि ते असं कोसळतं. प्रवर्तक किंवा जुने खासगी गुंतवणूकदार मोठा वाटा विकायच्या बेतात असतील तर निर्देशांकातला प्रवेश ही त्यांच्यासाठीही विक्रीची उत्तम वेळ असते.

मग २० जानेवारीला तिमाही निकाल आले. नफा आदल्या वर्षीच्या १३८ कोटींवरून ५९ कोटींवर आला होता. दुसऱ्या दिवशी शेअर साधारण दहा टक्के आपटला. निर्देशांकाच्या मागणीतून मिळायची ती जास्तीत जास्त चार-पाच टक्क्यांची वाढ, आणि एका निकालाने एका दिवसात त्याच्या दुप्पट गमावलं. फेब्रुवारीत पत्रक आलं तेव्हा निफ्टीची बातमी भावात भरून, सांडून, वर धंद्याची चिंता येऊन बसली होती.

अमेरिकेत हा प्रवास पूर्वीच होऊन गेला आहे. एस अँड पी ५०० मध्ये १९८९ पर्यंत बदल संध्याकाळी जाहीर व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी लागू. फंडांची धांदल उडायची. त्या वर्षाच्या ऑक्टोबरपासून काही दिवस आधी सांगायला सुरुवात झाली, आणि मधले दिवस म्हणजे चलाख व्यापाऱ्यांचं कुरण झालं. रॉबिन ग्रीनवुड आणि मार्को सॅमन या अभ्यासकांनी दशकवार हिशेब मांडला आहे. निर्देशांकात येणाऱ्या शेअरला बाजारापेक्षा मिळणारी जादा वाढ १९९० च्या दशकात सरासरी ७.४ टक्के होती, ती २०१० च्या दशकात एक टक्क्याच्याही खाली आली. निर्देशांक फंडांमधला पैसा या काळात अनेक पटींनी वाढला, तरी परिणाम आटला. आधीपासून शेअर साठवून फंडांना विकणारे वाढले आणि खालच्या निर्देशांकातून वर येणाऱ्या कंपन्यांचं प्रमाण वाढलं, ही त्यांनी सांगितलेल्या कारणांतली दोन. आपल्या नेक्स्ट ५० चीच ही गोष्ट.

‘पण टेस्ला?’ असं विचारणारा कुणीतरी भेटतोच. १६ नोव्हेंबर २०२० ला टेस्लाच्या प्रवेशाची घोषणा झाली तेव्हा भाव ४०८ डॉलर होता, फंडांनी १८ डिसेंबरला खरेदी केली तेव्हा ६९५. महिन्याभरात सत्तर टक्के. पण एस अँड पीमध्ये शेवटचा शब्द समितीचा असतो. सप्टेंबरमध्ये टेस्ला निकषांत बसत असूनही समितीने तिला घेतलं नव्हतं, आणि त्यानंतरच्या पहिल्या सत्रात शेअर २१ टक्के कोसळला होता. म्हणजे नोव्हेंबरची घोषणा खरोखर बातमी होती. शिवाय टेस्ला एस अँड पीच्या मधल्या निर्देशांकातून आली नव्हती, त्यामुळे समोरून विकणारे फंडच नव्हते. प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी, २१ डिसेंबरला, भाव साडेसहा टक्के घसरला हे मात्र टेस्लाचा दाखला देणारे सहसा सांगत नाहीत.

तर शिरायचं कधी? तीन खिडक्या असतात. पहिली घोषणेच्या बऱ्याच आधीची, झोमॅटोच्या बाबतीत नोव्हेंबरचं ते परिपत्रक. इथे फायदा सर्वाधिक, पण पैसा चार महिने अडकतो आणि मध्ये किमान एक तिमाही निकाल येतो. दुसरी खिडकी मोजणीची तारीख उलटल्यानंतरची, म्हणजे ३१ जानेवारी किंवा ३१ जुलैपासून पत्रक येईपर्यंतचे साधारण तीन आठवडे. आकडे आता बदलणार नसतात. निकालांचा हंगामही याच काळात बहुतेक आटोपतो, त्यामुळे तो धोका टाळता येतो. उरतो तो नाव न येण्याचा धोका, आणि दीडपटीच्या सीमेवर घुटमळणाऱ्या कंपनीत तो खरा असतो. सीमेच्या बऱ्याच वर असलेलीच कंपनी घ्यावी, एक पूर्णांक सहा पटीवर स्वप्नं रचू नयेत. तिसरी खिडकी पत्रकानंतरची. वर्तमानपत्र वाचून येणारे सगळे इथेच येतात, आणि बहुधा पहिल्या सोमवारी सकाळी सव्वानऊला, जेव्हा रात्रभरचा उत्साह भावात एकदम उतरलेला असतो. माझ्या मते तिथे घेण्यासारखं काही उरत नाही. अपवाद एकच, अंदाजात नसलेलं नाव आलं तर.

पत्रकाआधी किती जण आत शिरलेत हे थोडंफार ओळखता येतं. मागच्या दोन-तीन महिन्यांत शेअर निफ्टीपेक्षा आणि आपल्याच क्षेत्रातल्या इतर शेअरांपेक्षा किती जास्त चढला आहे ते बघावं. सगळं क्षेत्रच चढलं असेल तर ती निर्देशांकाची करामत नव्हे. पण आपला शेअर एकटाच पंधरा-वीस टक्के पुढे गेला असेल तर अपेक्षित खरेदी भावात आलेली आहे असं धरावं. वायदे बाजारात खुल्या सौद्यांची संख्या फुगलेली असणं हेही त्याचंच लक्षण. आणि पत्रकानंतर उलाढाल रोज वाढतेय पण भाव जागचा हलत नाही असं दिसलं, तर साठवलेला माल बाहेर येतोय.

बाहेर पडण्याचे नियम मात्र शेअर घेण्यापूर्वीच लिहून ठेवायचे असतात, कारण या सौद्याला कारण एकच आहे आणि त्या कारणाला तारीख आहे. नाव यादीत आलं नाही तर पुढच्या सत्रात, सुरुवातीची पाच-दहा मिनिटं जाऊ देऊन, विकायचं. तोटा कितीही असो. ‘कंपनी तर चांगली आहे’ म्हणत तीच खरेदी दीर्घ मुदतीची गुंतवणूक करून टाकायची नाही. नाव आलं तर फंडांच्या खरेदीच्या दिवसापर्यंत थांबायचं, पण सगळं त्या दिवसासाठी राखून ठेवायचं नाही. घोषणेनंतर आपण मनाशी धरलेली वाढ आधीच मिळाली तर निम्मा माल तिथेच काढावा. झोमॅटोचा ५ डिसेंबर आठवा. उरलेला अर्धा माल लागू होण्याच्या आदल्या दिवशी तीन ते साडेतीनमध्ये दोन-तीन तुकड्यांत द्यावा, फंडांच्या हातात. दुसऱ्या दिवसापर्यंत काही ठेवायचं नाही, कारण साडेतीनला ते गिऱ्हाईक संपलेलं असतं. तारीख वाचताना इथे चूक होते. ३० सप्टेंबर २०२४ पासून लागू असं पत्रकात होतं, पण तो सोमवार. फंडांची खरेदी शुक्रवारी, २७ तारखेला झाली.

पडत्या बाजारापासून बचाव म्हणून जाणकार शेअर घेतानाच निफ्टीचे वायदे विकतात, म्हणजे शेअर निफ्टीपेक्षा किती पुढे गेला तेवढाच नफा-तोटा उरतो. एका वायद्याची किंमत लाखांत असल्याने छोट्या रकमेला ते परवडत नाही. मग निदान हिशेब तरी तसाच ठेवावा. पाच टक्के मिळाले, पण निफ्टीही पाच टक्के वाढला होता, तर निर्देशांक-प्रवेशातून काहीच मिळालेलं नाही.

ट्रेंट हे याचं उत्तम उदाहरण. २३ ऑगस्ट २०२४ ला नाव जाहीर झालं, २७ सप्टेंबरला फंडांनी घेतला, आणि मधल्या काळात शेअर छान चढला. पण त्याच २७ सप्टेंबरला निफ्टीनेही २६,२७७ चा तेव्हाचा उच्चांक गाठला. सगळंच चढत होतं. ट्रेंट ऑक्टोबरच्या मध्याला ८,३०० च्या वर गेला, त्यामुळे तारखेला विकणारे हळहळले असतील. नोव्हेंबरच्या निकालांनंतर घसरण वाढली, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत भाव ५,००० च्या खाली आला होता. त्याच वेळी बाहेर काढलेली डिव्हीज लॅबोरेटरीज मात्र डिसेंबरअखेर ६,००० च्या वर पोहोचली. तिला निफ्टी ५० च्या फंडांनी विकलं खरं, पण ती नेक्स्ट ५० मध्ये गेली आणि तिथल्या फंडांना तिला घ्यावं लागलं. सक्तीची विक्री संपली की अशा शेअरवरचा दबाव उठतो, आणि आत आलेल्याचा आधार सुटतो. एका उदाहरणावरून नियम करू नये, पण बाहेर जाणाऱ्यांच्या यादीकडे बघायची सवय ठेवायला हरकत नाही.

परदेशी पैशाच्या बाबतीत हाच खेळ एमएससीआयच्या निर्देशांकावर चालतो. जुलै २०२४ च्या सुरुवातीला एचडीएफसी बँकेतला परदेशी वाटा ५४.८३ टक्क्यांवर आल्याचं दिसलं, म्हणजे आणखी परदेशी खरेदीला जागा झाली आणि एमएससीआय बँकेचं वजन दुप्पट करेल असं गणित बसलं. शेअर तेव्हाच्या उच्चांकावर पोहोचला. ऑगस्टमध्ये एमएससीआयने वजन वाढवलं, पण दोन टप्प्यांत. अंदाज बरोबर होता, तरी दुसऱ्या दिवशी शेअर तीन टक्क्यांहून अधिक पडला. सगळ्यांनी एकरकमी खरेदीवर पैसे लावले होते.

शेवटी हातात किती उरतं? एक लाखाचे शेअर घेतले आणि तीन टक्के मिळाले असं धरू, आजच्या दिवसांत हे चांगलंच म्हणायचं. तीन हजार. घेताना आणि विकताना ०.१ टक्का उलाढाल कर, मिळून दोनशेच्या वर. मुद्रांक शुल्क पंधरा रुपये, शिवाय दलाली आणि डीमॅटची किरकोळ वजावट. अल्प मुदतीच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आणि त्यावर उपकर, म्हणजे आणखी सहाशेच्या वर, आणि उलाढाल कर नफ्यातून वजाही करता येत नाही. हातात साधारण २,१५० उरतात. तीन वेळा असं मिळालं आणि चौथ्यांदा झोमॅटोच्या मार्चसारखा दहा हजारांचा फटका बसला, तर वर्षभराचा हिशेब उणे. म्हणून भांडवलाचा छोटा भागच इथे लावायचा, आणि तोट्याची मर्यादा अपेक्षित नफ्याच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. तीन टक्क्यांच्या आशेवर दहा टक्के गमावेपर्यंत वाट पाहणारा सौदा मुळातच वाकडा आहे.

बाहेर पडण्याचं तंत्रही पुढे बदलू शकतं. सेबीने २०२५ मध्ये बंद भावासाठी वेगळ्या लिलाव सत्राचा प्रस्ताव मांडला. अर्ध्या तासाची सरासरी न काढता सगळ्या खरेदी-विक्रीच्या ऑर्डरी एकत्र जुळवून एकच भाव ठरवायचा, अशी त्यामागची कल्पना. न्यूयॉर्क-लंडनमध्ये बंद भाव लिलावातूनच ठरतो. तसं झालं की तीन ते साडेतीनमध्ये तुकड्यातुकड्याने विकणं मागे पडेल. आपलीही ऑर्डर फंडांच्या ऑर्डरबरोबर त्याच लिलावात टाकावी लागेल, आणि हवा तो भाव लिहून ठेवला नाही तर मिळेल तो घ्यावा लागेल.